‘तिला वाटलं’ न लिहिता तिचं मन लिहिणं

हप्त्यांचा हिशेब संपला की आमच्या गटात वाचन-लेखन चालतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सध्या आम्ही मिळून एका कादंबरीचं प्रकरण लिहितोय. त्यातली रखमा, तिचा पैशांचा डबा आणि तिची मोठी जाऊ यांच्याबद्दल आज बोलू.

आधी आम्ही असं लिहिलं होतं: ‘दुसऱ्या दिवशी हप्ता भरायचा होता. पैसे कुठून आणावेत हे आपल्याला कळत नाही, असं रखमाला वाटलं. जावेकडे पैसे मागणं तिला कमीपणाचं वाटत होतं.’ यात चूक काही नाही, पण रखमा लांब उभी राहते. मग सगळं तिच्या तोंडी घातलं, ‘मी कुठून आणू? मी कुणाकडे मागू?’ तेव्हा ते नाटकातल्या स्वगतासारखं झालं. मधली वाट काढली ती अशी:

‘रखमानं डबा उघडून नोटा मोजल्या. चारशे. पुन्हा मोजल्या. चारशेच. उद्या हप्ता होता. आणायचे कुठून तिनं? जाऊबाईंकडे मागायचे? त्या बाईच्या दारात जाऊन उभं राहायचं? त्यापेक्षा विहीर बरी. तिनं डबा फडताळात ठेवला.’

यात ‘तिला वाटलं’ कुठेही नाही, अवतरणचिन्हंही नाहीत. तरी विहीर कुणाला बरी वाटते, ते कळतं. ‘रखमानं’, ‘तिनं’, ‘होता’ हे शब्द गोष्ट सांगणाऱ्याचे आहेत. ‘उद्या’, ‘जाऊबाई’, ‘त्या बाईच्या दारात’ हे रखमाचे. ‘उद्या हप्ता होता’ या एका वाक्यात दोघं एकत्र आली. नुसता सांगणारा असता तर ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणाला असता. नुसती रखमा असती तर ‘उद्या हप्ता आहे’ म्हणाली असती. पुस्तकी भाषेत याला मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात.

मराठीत याला एक सोय आहे. ‘कुठून आणायचे?’ म्हटलं की ‘मी’ही लागत नाही, ‘ती’ही लागत नाही. पण सगळीच वाक्यं तशी केली तर बोलतंय कोण, हा घोळ होतो. म्हणून अधूनमधून एखादं ‘तिनं’ हवं. शिवाय मनात शिरायला दार हवं आणि बाहेर यायलाही. इथे नोटा मोजणं हे आत जायचं दार, डबा फडताळात ठेवणं हे बाहेर यायचं.

तपासायचं कसं? ‘ती’च्या जागी ‘मी’ घालून मोठ्यानं वाचायचं. ‘आणायचे कुठून मी?’ हे रखमाच्या तोंडी शोभतं. एकीनं सुचवलं होतं, ‘ही आर्थिक विवंचना कधी संपणार होती?’ तिथे ‘मी’ घालायला जागाच नाही, तरी कानाला कळलं. रखमा असं बोलेल का? ही तर बँकेतल्या साहेबांची भाषा! दुसरी खूण नावाची. सांगणारा त्या बाईला पार्वती म्हणतो, रखमा जाऊबाई म्हणते. परिच्छेदाच्या मध्येच ‘पार्वती’ आलं की आपण रखमाच्या मनातून बाहेर पडलो. त्याच परिच्छेदात पार्वतीचंही मन उघडलं, तर कुठली ‘ती’ कोण हे वाचणारीला कळत नाही. एका वेळी एकच मन बरं.

आता अडचण. प्रकरण वाचल्यावर एक मैत्रीण चिडली, ‘जाऊ वाईटच असते असं का लिहिलंत?’ आम्ही तसं लिहिलंच नव्हतं, ते रखमाला वाटत होतं. पण ‘वाटलं’ हा शब्द काढला की हा धोका येतोच, आणि तो लहान नाही. फ्रान्समध्ये १८५७ साली गुस्ताव्ह फ्लोबेर या लेखकावर ‘मादाम बोव्हारी’ कादंबरीसाठी नीतिमत्तेला धक्का दिल्याचा खटला झाला. कादंबरीतली विवाहित एमा परपुरुषाच्या भेटीनंतर आरशात पाहते आणि आता प्रेमाचं सुख आपल्याला मिळणार म्हणून हरखते. सरकारी वकिलानं हेच दाखवून म्हटलं, हे तर व्यभिचाराचं गुणगान. खरं तर तो हर्ष एमाचा होता, पण तिच्या मनातल्या पुढच्या वाक्यांना लेखकानं ‘असं तिला वाटलं’ जोडलं नव्हतं. फ्लोबेर सुटला. तरी वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो, हे त्यातून दिसतंच.

मैत्रिणीच्या रागावर आम्ही ‘रखमाला वाटलं’ परत घातलं नाही. मन उघडं ठेवलं आणि पुढे फक्त डोळ्यांना दिसेल तेवढं लिहिलं: ‘सकाळी पार्वती अंगणात आली. पदराच्या गाठीतून चारशे रुपये काढून तिनं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवले आणि काही न बोलता निघून गेली.’ इथे मुद्दाम ‘पार्वती’ लिहिलंय. रखमा अजून तिला त्या बाईच म्हणतेय. पैसे उचलायचे की नाही, यावर पुढच्या बैठकीत गटात भांडण ठरलेलं आहे.