रेझ्युमेत किती डिझायनर दिसतो?

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात आज डिझाइनचे स्टुडिओ आहेत. तिथे जागा निघाली की असेही अर्ज येतात, ज्यांच्यासोबत दाखवायला कामच नसतं. काम बँकेसाठी किंवा औषध कंपनीसाठी केलेलं असतं आणि गोपनीयतेच्या करारावर सही झालेली असते. मग निवड करणाऱ्याच्या हाती फक्त रेझ्युमे उरतो.

उदाहरण म्हणून सुलेखनकार र. कृ. जोशींचा रेझ्युमे मनाशी मांडून बघा. सर जे. जे.त शिक्षण, पुढे उल्का या जाहिरात संस्थेत प्रदीर्घ नोकरी, मग पवईच्या आयआयटीत आयडीसीमध्ये अध्यापन आणि त्यानंतर संगणकावरच्या भारतीय लिप्यांचं काम. संगणकासाठी देवनागरी अक्षरं घडवणारा माणूस हवा असेल, तर या क्रमावरून यांना बोलवायला हवं हे नक्की कळतं. हात सुलेखनाचा, सवय धंद्यातल्या मुदतींची आणि ओढ यंत्राकडे. पण रफार अक्षरावर नेमका कुठे बसवला, जोडाक्षरापुढे वेलांटीची कमान किती ताणली, हे त्यात सापडणार नाही. त्यासाठी विंडोजमधला त्यांचा ‘मंगल’ उघडूनच पाहावा लागेल.

म्हणजे माणूस कोणत्या अडचणींना तोंड देऊन आला, हे रेझ्युमे सांगतो. त्याची नजर कशी आहे, हे सांगत नाही. आणि अडचणीही तेव्हाच कळतात, जेव्हा ओळ नीट लिहिलेली असते. ‘मसाल्याचं पॅकेजिंग केलं’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘मसाल्याच्या बारा पाकिटांची एकच मांडणी, तीन भाषांत, सर्वांत लहान पाकीट 50 ग्रॅमचं’ असं लिहिलं असेल, तर जागेची टंचाई या माणसाने अनुभवली आहे हे समजतं. ‘फोटोशॉप 90 टक्के’ अशा पट्ट्या मी वाचतच नाही. ते नव्वद कशाचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

रेझ्युमेचा कागद हेही एक काम आहे. शीर्षक खालच्या मजकुराला चिकटलंय की दोन परिच्छेदांच्या मधोमध लोंबकळतंय? मराठी मजकुराला ओळींमध्ये जास्त जागा लागते, कारण मात्रा वर जातात आणि उकार खाली उतरतात. ती सोडली आहे का? अर्थात मांडणी तयार साच्यातून घेतलेली असू शकते, म्हणून ती कोणी केली हे विचारायचं. आणि यातून कळतो तो अक्षरमांडणीचा हात. चित्रकार किंवा ॲपचे पडदे आखणारा हवा असेल, तर याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून मी रेझ्युमेवरून नकार क्वचितच देतो. त्यातली एक ओळ निवडतो आणि विचारतो, यात तुमचा वाटा कोणता आणि कोणता पर्याय फेटाळला गेला, कशामुळे? ग्राहकाचं नाव न घेताही याचं उत्तर देता येतं. ज्याने काम स्वतः केलंय तो कागद ओढून चौकट आखायला लागतो. त्यानंतरही शंका उरली, तर अर्ध्या दिवसाचं छोटं काम द्यावं, आणि त्याचे पैसे द्यावेत.