तीनास दोनची वाटणी

भागीदारीतल्या दुकानाचा नफा तीनास दोन या प्रमाणात वाटायचा, म्हणजे एकूण नफ्याचे पाच सारखे भाग करायचे. त्यांतले तीन भाग पहिल्या भागीदाराचे, दोन दुसऱ्याचे. शंभर टक्क्यांना पाचाने भागले की एक भाग 20 टक्क्यांचा येतो. म्हणून पहिल्याचा वाटा 60 टक्के आणि दुसऱ्याचा 40 टक्के.

वर्षाचा नफा 85,000 रुपये असेल, तर एक भाग 17,000 रुपयांचा. पहिल्याला 51,000 आणि दुसऱ्याला 34,000 रुपये मिळतात. दोन्ही रकमांची बेरीज 85,000 भरते, हाच हिशेबाचा पडताळा.

नेहमीची चूक म्हणजे एकूण रकमेला पाचाऐवजी तीनाने भागणे. तसे केले की वाटे मूळ रकमेपेक्षा जास्त होतात.

दोनास एक या प्रमाणात मात्र टक्के पूर्णांकात येत नाहीत. 66 आणि 33 टक्के धरले, तर बेरीज 99 होते आणि 85,000 पैकी 850 रुपये कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. अशा वेळी आधी रकमेचे तीन भाग करून वाटणी करावी आणि टक्केवारी फक्त नोंदीपुरती लिहावी.