तुटलेली कुरडई आणि महिनाअखेरचा भाग

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमधून आमच्या बचत गटातर्फे आज तुमच्याशी बोलतोय. आम्ही उन्हाळी वाळवणाचे पदार्थ करतो आणि ते कसे करतो त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. व्हिडिओखाली बायका प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांतून आम्ही दर महिन्याला एक प्रश्नोत्तरांचा भाग करू लागलो, त्याची ही गोष्ट. काही गटांनी विचारलं होतं की हे कसं करता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात एका चुकीपासून झाली, आणि चूक आमचीच होती. कुरडईच्या व्हिडिओखाली "माझी कुरडई तुटते" असं बऱ्याच जणींनी लिहिलं होतं. आम्ही सगळ्यांना एकच उत्तर चिकटवलं, "चीक नीट शिजवा, ताई." आठवड्याने त्यातल्याच एकीने कळवलं की चीक जास्त शिजवला, तो घट्ट गोळा झाला, सोऱ्यातून उतरेचना, आणि २ किलो गव्हाचं सगळं वाया गेलं. गहू भिजवणं, रोज पाणी बदलणं, वाटणं, गाळणं, चीक बसू देणं ही चार दिवसांची मेहनत आमच्या एका ओळीमुळे गेली. तिने रागाने लिहिलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. ते जास्त लागलं.

मग एक दोनशे पानी वही घेतली. आता २० तारखेपर्यंत आलेले सगळे प्रश्न तिच्यात उतरतात. आमच्यातल्या दोघी, एक वाचते, एक लिहिते. आधी आम्ही प्रश्नचिन्ह असलेली वाक्यंच शोधायचो. पण आपल्या बायका प्रश्नचिन्ह कुठे घालतात? "ताई माझी लाल पडली" हाही प्रश्नच असतो. म्हणून सगळं वाचावं लागतं, त्याला पर्याय नाही.

त्या कुरडईच्या महिन्याचा हिशोब सांगतो. ६३ प्रतिक्रिया होत्या. त्यातल्या ३८ "छान", "मस्त", हात जोडलेली चित्रं. उरले २५ प्रश्न. ८ जणी तुटण्याबद्दल, ६ जणी गहू किती दिवस भिजवायचे म्हणून, ४ विकत मिळेल का म्हणून, आणि बाकीचे ७ सुटे, एकेकीचे. आम्ही माणसं मोजतो, ओळी नाही. एकीने तोच प्रश्न तीनदा लिहिला, तरी वहीत तो एकदाच.

इथे खरी मेख आहे. "तुटते" हे आठ जणींचं एकच वाक्य होतं, पण प्रश्न एक नव्हता. तो चुकीचा आठवडा झाल्यावर आम्ही आठही जणींना उलट विचारलं की सोऱ्यातून पडताना तुटते, की वाळल्यावर उचलताना? चीक शिजवायला पाणी किती घेतलं? आणि तुम्ही राहता कुठे? पाच जणींनी उत्तर दिलं. तिघींची पडतानाच तुटत होती, दोघींची उचलताना. कारणं वेगळी, उपाय वेगळे.

पडताना तुटते त्याचं कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं. चीक कच्चा राहिला, किंवा शिजलेला चीक गार होईपर्यंत सोऱ्या भरला नाही. आम्ही एक वाटी चिकाला एक वाटी पाणी घेतो. शिजला हे कसं ओळखायचं, तर दुधासारखा पांढरा रंग जाऊन तो काचेसारखा चमकदार होतो आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. तिथे थांबायचं. पुढे आटवत बसलं की घट्ट गोळा होतो, जे त्या ताईंचं झालं. आणि गरम असतानाच घालायच्या. उचलताना तुटते त्याचं कारण घाई असते, खालची बाजू ओली असताना उलटवली जाते. प्लास्टिकवर घातलेली कुरडई वाळली की कडेने आपसूक सुटते. सुटेपर्यंत हात लावायचा नाही.

गाव विचारतो ते हौसेने नाही. आमच्या गच्चीवर मे महिन्यात ऊन कडक असतं, पण खाडी जवळ आहे, संध्याकाळी हवा दमट होते. ऊन उतरायच्या आत ताटं घरात घ्यावी लागतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडावी लागतात. नागपूरकडच्या कोरड्या उन्हात तीच कुरडई लवकर वाळते. म्हणून "किती दिवस?" या प्रश्नाला आता आम्ही दिवस सांगतच नाही, खूण सांगतो. भिजलेला गव्हाचा दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर यावं आणि हातात नुसतं साल उरावं. आमच्याकडे उन्हाळ्यात ते तीन दिवसांत होतं, रोज पाणी बदलून. पाणी बदललं नाही तर आंबूस वास येतो आणि रंगही काळपट येतो.

उलट प्रश्न विचारून झाले की मधल्या रविवारी आम्ही उत्तर करून बघतो. मुद्दाम कच्चा चीक घेऊन तुटलेली कुरडई घातली, ती चित्रित केली, शेजारी बरोबर शिजलेली घातली. चूक दिसली की बोलणं कमी लागतं. एका भागात चारच प्रश्न घेतो, सगळा भाग आठ मिनिटांचा. आधी सहा घेतले होते, तेव्हा शेवटचे दोन घाईत गुंडाळले गेले. प्रश्न विचारणारीच्या शब्दांत वाचतो, नाव तिने परवानगी दिली तरच. पहिल्या वाक्यात उत्तर, मग हाताने दाखवणं, आणि शेवटी हे कुठे लागू पडत नाही तेही.

काही प्रश्न वहीत असूनही भागात घेत नाही. किंमत आणि अन्न परवाना हे त्यातले. भाव दर हंगामाला बदलतो, परवान्याचे नियमही बदलतात, पण व्हिडिओ मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. तीन वर्षांपूर्वीचं आमचं बोलणं ऐकून एखादीने चुकीची फी भरायला जायला नको. अशांना आम्ही त्या त्या वेळी लिहून उत्तर देतो आणि परवान्यासाठी एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर बघा असं सांगतो.

भाग टाकताना खालच्या माहितीत प्रत्येक प्रश्नाची वेळ लिहायची. यूट्यूबला यादी 0:00 पासून सुरू झालेली लागते, किमान तीन वेळा लागतात आणि प्रत्येक तुकडा निदान १० सेकंदांचा हवा, तरच पट्टीवर प्रकरणं पडतात. आमची यादी अशी होती:

```
0:00 नमस्कार
0:25 कुरडई पडताना तुटते
2:40 कुरडई उचलताना तुटते
4:30 गहू किती भिजवायचे
6:15 रंग काळपट का येतो
```

एवढ्यावर काम संपत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. भाग टाकला तरी पुढच्या महिन्यात जुन्या कुरडईच्या व्हिडिओखाली पुन्हा पाच जणींनी "तुटते" लिहिलंच. त्यांनी नवा भाग पाहिलाच नव्हता, आणि त्या का पाहतील? त्या जुन्याच व्हिडिओवर येतात. जुना व्हिडिओ काढून त्याच दुव्यावर नवा घालता येत नाही, पण त्याखालची माहिती बदलता येते आणि आपली एक प्रतिक्रिया सर्वांत वर टाचून ठेवता येते. तिथे आम्ही लिहिलं, "तुटत असेल तर इथे बघा", आणि नव्या भागाचा दुवा थेट 0:25 च्या वेळेचा दिला. त्यानंतरच्या महिन्यात वहीत "तुटते" खाली एकच नाव आलं.

वाया गेलेल्या २ किलोंच्या त्या ताईंनी पुन्हा गहू भिजवले. या वेळी पडताना तुटली नाही, उचलतानाही नाही. तळल्यावर मात्र फुलली नाही, असं त्यांनी काल लिहिलंय. पूर्ण वाळली नव्हती की तेल कमी तापलं होतं, ते आम्ही त्यांना उलट विचारलंय. उत्तर अजून यायचंय.