कर्जफेडीचा तक्ता कसा वाचावा

(भोपाळ येथे मराठी भाषक कर्मचाऱ्यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी एका सहकाऱ्याने मजकडे एक छायाचित्र आणून दिले. कोलार मार्गावरील सदनिकेसाठी त्यांनी २०२२ च्या आरंभी दहा लाख रुपयांचे गृहकर्ज घेतले होते. त्या वेळी मिळालेल्या परतफेडीच्या तक्त्याचे छायाचित्र त्यांनी आपल्या दूरध्वनीत जपून ठेवले होते. "वीस वर्षांनी कर्ज फिटेल, म्हणजे निवृत्तीपूर्वी आपण मोकळे होऊ," असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब खरा आहे काय, हे त्याच तक्त्याच्या आधारे आज पाहावयाचे आहे.

कर्ज दहा लाखांचे, व्याजाचा दर वार्षिक ७ टक्के, मुदत २४० महिने आणि मासिक हप्ता ७,७५३ रुपये. त्या तक्त्यातील पाच ओळी अशा आहेत :

| हप्ता क्रमांक | आरंभीची बाकी | व्याज | मुद्दल | अखेरची बाकी |
|---|---|---|---|---|
| १ | १०,००,००० | ५,८३३ | १,९२० | ९,९८,०८० |
| २ | ९,९८,०८० | ५,८२२ | १,९३१ | ९,९६,१४९ |
| १३ | ९,७६,२१० | ५,६९५ | २,०५८ | ९,७४,१५२ |
| १२२ | ६,६३,८७९ | ३,८७३ | ३,८८० | ६,५९,९९९ |
| २४० | ७,७०८ | ४५ | ७,७०८ | ० |

या तक्त्याची रीत सोपी आहे. आरंभीच्या बाकीस वार्षिक दराने गुणावे व बारांनी भागावे, म्हणजे त्या महिन्याचे व्याज निघते. दहा लाखांचे सात टक्के सत्तर हजार, त्याचा बारावा भाग ५,८३३ रुपये. हप्त्यातून प्रथम हे व्याज वळते होते. उरलेले १,९२० रुपये तेवढे मुद्दलात जमा होतात. मुद्दल तितके घटल्यामुळे पुढील महिन्याचे व्याज अकरा रुपयांनी कमी होते आणि तेच अकरा रुपये मुद्दलाकडे वळतात. हप्ता तोच राहतो, त्यातील वाटणी तेवढी बदलत जाते. ही चाल फार संथ आहे. मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा होण्यास १२२ वा हप्ता, म्हणजे दहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. निम्मे कर्ज फिटते ते १५९ व्या हप्त्याला. आरंभीच्या वर्षांत पैसे भरूनही बाकी हलत नाही असे वाटते, त्याचे कारण एवढेच. त्यात कोणाची लबाडी नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. हा सारा तक्ता दर सात टक्केच राहील या गृहीतावर उभा आहे. परंतु सदर कर्ज बदलत्या, म्हणजे फ्लोटिंग, दराचे होते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मापदंडाशी जोडली जातात आणि तीन महिन्यांतून निदान एकदा त्यांच्या दराची फेरआखणी होते. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर सहा वेळा वाढवून ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. आमच्या सहकाऱ्यांच्या कर्जाचा दरही त्याच प्रमाणात साडेनऊ टक्क्यांपर्यंत चढला.

ही वाढ टप्प्याटप्प्याने झाली. हिशेब सुलभ व्हावा म्हणून पहिले बारा हप्ते जुन्या दराने गेले व तेराव्यास नवा दर लागला असे धरू. बाकी ९,७६,२१० रुपये. साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज ७,७२८ रुपये. हप्ता मात्र पूर्वीचाच, ७,७५३ रुपये. मुद्दलात जमा झाले केवळ पंचवीस रुपये! छायाचित्रातील तक्ता मात्र त्याच ओळीत २,०५८ रुपये दाखवितो. हा दर आणि हा हप्ता कायम राहिल्यास कर्ज फिटावयास साठ वर्षांहून अधिक काळ लागेल. दर दहा टक्के झाला असता, तर व्याज ८,१३५ रुपये, म्हणजे हप्त्याहूनही अधिक झाले असते आणि न भागलेले ३८२ रुपये बाकीत मिळवावे लागले असते. म्हणजे नियमितपणे हप्ते भरूनही कर्ज वाढत गेले असते.

हप्ता वाढला नाही म्हणून आमचे सहकारी निश्चिंत होते. वस्तुतः हप्ता वाढला नव्हता म्हणून मुदत वाढत होती.

अशा वेळी मार्ग कोणते? हप्ता ९,२६३ रुपये केला, तर उरलेल्या २२८ महिन्यांतच कर्ज फिटते. एवढी वाढ झेपत नसेल आणि हप्ता ८,५०० रुपये केला, तर आणखी सुमारे ३०५ हप्ते, म्हणजे पंचवीस वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. हप्ता न वाढविता पन्नास हजार रुपये एकरकमी भरले, तर साठ वर्षांवर गेलेली मुदत सुमारे ३७० हप्त्यांवर, म्हणजे एकतीस वर्षांच्या आत येते. व्याजाचा भाग मोठा असताना भरलेली जादा रक्कम इतके काम करते. बदलत्या दराच्या गृहकर्जाची अशी मुदतपूर्व फेड केल्यास बँकांना २०१२ पासून व्यक्तिगत कर्जदाराकडून दंड घेता येत नाही.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकान्वये याबाबत स्पष्ट दंडक घालून दिले आहेत. दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, याची निवड कर्जदारास द्यावयाची आहे. मुदतवाढीमुळे हप्त्यातून व्याजही भागत नाही अशी स्थिती येऊ द्यावयाची नाही. तसेच आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, शिल्लक हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर दाखविणारे विवरण दर तिमाहीस उपलब्ध करून द्यावयाचे आहे. जुन्या छायाचित्राऐवजी हे विवरण हाती असले पाहिजे.

ते हाती आल्यावर तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. बाकी गुणिले दर भागिले बारा, एवढे व्याज लागले आहे काय? दिवसांवर हिशेब होत असल्यास थोडा फरक पडेल, शेकड्यांचा फरक मात्र पडू नये. हप्त्यातून व्याज वजा जाता उरलेली रक्कम बाकीतून तंतोतंत वजा झाली आहे काय? आणि मुद्दलाचा रकाना महिन्यागणिक वाढत आहे काय? हप्ता तोच असून मुद्दलाचा आकडा एकाएकी खाली आला असेल, तर दर वाढला आहे असे समजावे आणि शिल्लक हप्त्यांची संख्या त्याच दिवशी विचारावी. विसंगती आढळल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

आमच्या सहकाऱ्यांनी हप्ता वाढवून घेतला. २०२५ मध्ये रेपो दर उतरू लागला तेव्हा त्यांनी वाढविलेला हप्ता तसाच ठेवला, त्यामुळे आता त्यांची मुदत घटत आहे. जुने छायाचित्र त्यांच्यापाशी आजही आहे. त्याच्या शेजारी चालू तिमाहीचे विवरण मात्र आले आहे. आपणही घरी गेल्यावर आपल्या तक्त्यावर कोणत्या तारखेचा दर लिहिला आहे, तेवढे पाहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.