गव्हाची पोळी कुणाला बाधते?



गहू हे पौष्टिक धान्य आहे, यात वाद नाही. आजारातून उठलेल्या माणसाला आपण लापशी देतो, बाळाच्या तोंडी पहिला घास दुधात कुस्करलेल्या पोळीचा घालतो. पण काही थोड्या माणसांच्या आतड्यांना हाच गहू जखमा करतो. त्यांचे पोट फुगते, जुलाब होतात, आणि पोटभर जेवूनही अंग झडत जाते. या दुखण्याला सिलिअॅक रोग म्हणतात. गव्हातले नेमके काय बाधते, ते कसे बाधते आणि ते ओळखायचे कसे, एवढेच आज सांगणार आहे.

आधी एक साधा प्रयोग करून पाहा. गुरुजींनी तो वर्गात करून दाखवायला हरकत नाही. मूठभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग तो गोळा पाण्याच्या भांड्यात धरून हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते बाहेर पडते आहे ते गव्हातले पिष्ट. पाणी तीनचार वेळा बदला. शेवटी हातात रबरासारखा चिवट, पिवळसर गोळा उरेल. ओढला की ताणतो, सोडला की आखडतो. हे ग्लूटेन, म्हणजे गव्हातली चिवट प्रथिने. आता ज्वारीच्या पिठाचा गोळा तसाच धुऊन पाहा. तो सगळा पाण्यात विरघळून जाईल, हातात असे काही उरणार नाही. म्हणून तर पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते!

या धुण्यातच रोगाचे उत्तर दडलेले आहे, आणि ते हॉलंडमधल्या विलेम कारेल डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाने शोधले. अशा खंगलेल्या मुलांना गहू बाधतो, असा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये मोठा दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. सारा देश उपाशी असताना ही मुले मात्र त्या दिवसांत बिघडली नाहीत, उलट सुधारली, तेव्हा संशय पक्का झाला. पण डिके संशयावर थांबले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना ठराविक आहार देऊन त्यांच्या शौचातून किती चरबी बाहेर पडते ती मोजली. गव्हाचे पीठ दिले की चरबी वाढे, बंद केले की कमी होई. पुढे त्यांनी पीठ धुऊन त्याचे दोन भाग केले. पिष्टाने काही झाले नाही, ग्लूटेनने मात्र त्रास उलटला. डिके यांचा प्रबंध 1950 साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून या रोगाचा उपचार ठरला.

आता आतड्यात काय होते ते पाहू. आपल्या लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. मखमलीवर असते तशी त्यावर बारीक लव असते. तिचा एकेक तंतू एक मिलिमीटरही उंच नसतो, पण असे असंख्य तंतू असल्यामुळे अन्नरस शोषून घ्यायला खूप मोठी जागा मिळते. पचलेले अन्न रक्तात जाते ते या लवेतून.

ग्लूटेन पचायला अवघड असते. इतर प्रथिनांचे पाचकरस बारीक तुकडे करतात, तसे ग्लूटेनचे पुरते होत नाहीत, काही लांब तुकडे तसेच उरतात. ते तुमच्या-माझ्याही आतड्यात उरतात आणि निमूटपणे पुढे निघून जातात. पण काही माणसांना जन्मतःच एक विशिष्ट आनुवंशिक ठेवण मिळालेली असते. त्यांच्या आतड्याच्या भिंतीतील एक द्रव्य या तुकड्यांत किंचित फरक करते, आणि मग शरीराच्या रक्षक पेशींना ते तुकडे शत्रू वाटतात. त्या तुटून पडतात. पण मार बसतो तो आतड्याच्या लवेला. ती आखूड होते आणि अखेर मखमल घासून तिचा नुसता कपडा उरावा तशी सपाट होते.

लव गेली की पुढचे सारे ओघानेच येते. चरबी शोषली जात नाही, म्हणून शौचाला फिकट, तेलकट, ढिगाने आणि फार दुर्गंधीची होते. साखर आणि पिष्ट शोषले न जाता मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जंतू त्यांना आंबवतात, वायू सुटतो आणि पोट नगाऱ्यासारखे फुगते. न शोषलेले अन्न पाणी ओढून धरते, म्हणून जुलाब. दुधातली साखर पचवणारे द्रव्य लवेच्या टोकाशीच असते, त्यामुळे अशा माणसाला दूधही सोसत नाही. लोह शोषले जात नाही म्हणून रक्त कमी होते. आणि खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून वजन उतरते. हा माणूस भरल्या ताटावर बसून उपाशी राहतो म्हणा ना!

आता एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका मुलाचे नाही, समजावे म्हणून रचले आहे, पण अशी मुले असतात. एक मुलगा सात महिन्यांचा असताना गव्हाची लापशी खाऊ लागला. नवव्या महिन्यात अंगणवाडीच्या वजनाच्या कार्डावर 8 किलो 200 ग्रॅम अशी नोंद आहे, म्हणजे ठीकच. दीड वर्षाचा झाला तेव्हा 8 किलो 600 ग्रॅम. तीन वर्षांचा झाला तेव्हा साडेनऊ, खरे तर तेरा-चौदाच्या आसपास हवे होते. पोट पुढे आलेले, हातपाय काड्यांसारखे, दिवसातून चारपाचदा शौचाला, आणि स्वभाव चिडका. घरच्यांनी दृष्ट काढली. जंतांचे औषध दोनदा झाले. लोहाचे औषध तीन महिने दिले, तरी हिमोग्लोबिन साडेसातच्या वर जाईना. या गोष्टीत दोन खुणा आहेत. वजनाची रेघ जन्मापासून नव्हे, तर गहू सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी आडवी झाली, आणि लोहाचे औषध पोटात जाऊनही रक्त वाढले नाही.

डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी करवली. मघाशी सांगितलेल्या आतड्याच्या भिंतीतील द्रव्याविरुद्ध अशा माणसाच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, ती या तपासणीत मोजतात. तपासणीचे नाव टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिद्रव्य तपासणी असे लांबलचक आहे, ते डॉक्टरांना ठाऊक असते. मुलाच्या रक्तात ती प्रतिद्रव्ये बरीच वाढलेली निघाली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीचे चारपाच कण घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो लव सपाट झालेली. निदान झाले.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच पोळी सोडली तर प्रतिद्रव्ये उतरतात, लव भरू लागते, आणि तपासणी काही नाही असे खोटेच सांगते. दुसरे असे की, पोळीने पोट फुगणारा प्रत्येक माणूस या रोगाचा नव्हे. गव्हात ग्लूटेनखेरीज एक प्रकारची साखरही असते, ती पुष्कळांच्या पोटात आंबते आणि वायू होतो, पण त्यांची लव शाबूत असते. जुलाब आणि अंग झडणे जंतूंनी होते, आतड्याच्या क्षयानेही होते. म्हणून घरच्या घरी निदान करू नये.

उपचाराला औषध नाही. गहू आणि जव जन्मभर बंद करणे हाच उपचार. रवा, मैदा, शेवया, पाव आणि बिस्किटे ही गव्हाचीच रूपे. खपली गहूही गहूच, त्यातही ग्लूटेन असते. कुरडईचा चीक पिष्टाचा असला तरी घरी काढताना त्यात ग्लूटेन राहतेच, तेव्हा कुरडईही नको. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. बाजारच्या हिंगातही बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा डबीवरचा मजकूर वाचून घ्या.

मग खायचे काय? आपल्याकडे तर कोठार भरलेले आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, मका, सगळ्या डाळी, साबुदाणा, शिंगाडा, दूधदुभते, अंडी, मांसमासळी, भाज्या आणि फळे. यांत कशातच ते ग्लूटेन नाही.

अडचण येते ती गिरणीत. एका पोळीला तीसेक ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असते. रोज 50 मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा पन्नासावा हिस्सा, महिनोन्महिने पोटात गेला तरी लवेला इजा होते. आता तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाने गहू दळला असेल, तर तुमच्या ज्वारीच्या पिठात केवढी कणीक उतरेल, याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून अशा घरी जाते किंवा घरगुती चक्की वेगळी ठेवावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. चाळणही वेगळी हवी, कारण तिच्या जाळीतले पीठ निघत नाही. परात आणि तवा स्वच्छ घासून आधी भाकरी करावी, मग पोळ्या लाटाव्यात.

आपल्या उदाहरणातल्या मुलाचे जुलाब तीन आठवड्यांत थांबले आणि पोट हळूहळू उतरले. सुरुवातीला दूध कमी दिले, लव भरू लागल्यावर तेही सोसू लागले. तीन महिन्यांनी वजन अकरा किलोच्या वर गेले. रक्तातली प्रतिद्रव्ये उतरायला मात्र वर्ष लागले. मोठ्या माणसांची लव भरायला याहूनही जास्त काळ लागतो. शिवाय हा रोग घराण्यात चालतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची आणि आईबापांची तीच रक्ततपासणी करून घ्यावी, कारण दहांतल्या साधारण एकाला तो असतो, आणि कित्येकदा जुलाब नसताना नुसता पांडुरोग असतो.

शिक्षकांना शेवटी एवढेच सांगतो. असे मूल वर्गात असेल तर दुपारची तांदळाची खिचडी त्याला चालते. पण त्याच पळीने त्याच्या ताटात लापशी वाढली जाऊ नये, आणि वाढदिवसाला वाटलेले बिस्किट "एकाने काय होतंय?" म्हणून त्याच्या हातावर ठेवू नये. एका बिस्किटाने त्याचे काय होते, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.