एका ओवीच्या तीन तळटीपा

(मांडवगण फराटा येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय लहान आहे. दोनच ओळींचा आहे. आमच्या मातोश्री पहाटे जात्यावर बसून ज्या ओव्या जुळवीत, त्यांतील एक आम्हांस पाठ राहिली आहे :

विटेवर उभी आई, वाट लेकीची पाहते ।
भीमेच्या पाण्यासंगं, निरोप मी गं धाडते ॥

आमची एक नात फ्रान्समध्ये संसार करीत आहे. तिचे यजमान फ्रेंच आहेत. पणजीची ही ओवी त्यांस कळावी, अशी इच्छा तिने पत्राने कळविली. आम्ही महाविद्यालयात फ्रेंच शिकलो होतो, म्हणून हे काम अंगावर घेतले. एका संध्याकाळचे काम समजून बसलो, ते तीन आठवडे पुरले. त्या तीन आठवड्यांत जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

या वाटेने जाणारे आम्ही पहिले नव्हेत. पुण्यात वास्तव्य केलेले गी दलरी या फ्रेंच पंडितांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये आणले आणि ते पुस्तक १९५६ साली पॅरिसच्या गालिमार या प्रकाशनगृहाने काढले. नुसते भाषांतर देऊन दलरी थांबले नाहीत. त्याला प्रस्तावना आणि विवरण जोडले. पुढे १९७२ साली गी प्वातवँ फ्रान्सहून पुण्यास आले. त्यांनी व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; त्या संग्रहात आज एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. विवरणाची गरज त्यांस का भासली असेल, हे आम्हांस आमच्या दोन ओळींनी शिकविले.

पहिले भाषांतर आम्ही शब्दास शब्द ठेवून केले. विटेला फ्रेंचमध्ये 'ब्रीक' म्हणतात, आईला 'मेर'. व्याकरण निर्दोष होते. नातजावयांनी वाचून मोठ्या आपुलकीने उत्तर धाडले : "अंगणाची भिंत उंच असावी, पलीकडचा रस्ता दिसावा म्हणून ती माउली विटेवर चढून उभी आहे. चित्र फार हृद्य आहे."

प्रथम आम्हांस हसू आले. मग ध्यानात आले की, त्या गृहस्थाची काही चूक नाही. ओवीत विठोबाचे नाव कोठेच नाही. ते घालण्याची मातोश्रींस आवश्यकताच नव्हती, कारण 'विटेवर' एवढा शब्द उच्चारताच समोर दळणाऱ्या बाईस पंढरीची मूर्ती दिसत होती. ज्यास ती दिसत नाही, तो आपल्या अनुभवातून एक भिंत उभी करतो, आणि त्याचे चित्र इतके सुसंगत होते की आपण चुकलो अशी शंकाही त्यास येत नाही.

येथेच तळटीपेचे मर्म आहे. वाचक ज्या शब्दाशी अडतो, तेथे टीप हवी हे कोणीही सांगेल. परंतु अडलेला वाचक विचारतो, शोधतो. खरा धोका जेथे वाचक अडत नाही तेथे असतो. 'वीट' आणि 'आई' हे शब्द जगातल्या प्रत्येक भाषेत आहेत, म्हणूनच ते अधिक फसवे.

आमची विटेवरची पहिली टीप अकरा ओळींची झाली. तीत द्वारका आली, रुक्मिणीचा रुसवा आला, पुंडलिकाचे पूर्वचरित्र आले. नातीने कळविले की, टीप वाचून संपेतो ओवीच विसरावयास होते. मग आम्ही एक कसोटी ठरविली : गाणारीने ऐकणारीच्या मनात जेवढे गृहीत धरले होते, तेवढेच टिपेत द्यावे. त्याप्रमाणे टीप अशी उरली : 'पंढरपूरचा देव विठोबा भक्त पुंडलिकास भेटावयास आला. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने त्यास उभे राहावयास वीट टाकली. देव अजून तिच्यावर उभा आहे.'

या टिपेने एक गैरसमज गेला आणि दुसरा आला. विटेवरची ती आई देवता आहे, एवढे समजल्यावर नातजावयांनी ती देवी मानली; त्यांच्या परंपरेत 'आई' म्हटल्यावर मेरीमाताच प्रथम आठवते. आपण मात्र कटीवर कर ठेवलेल्या पुरुषमूर्तीस 'आई' म्हणतो आणि त्यात आपणांस काही विपरीत वाटत नाही. ज्ञानेश्वरांसही आपण माउलीच म्हणतो. मराठीत 'उभी' हा शब्दच त्या मायेची साक्ष देतो, कारण एरवी विठोबा 'उभा' असतो. फ्रेंचमधील 'दबू' हा शब्द स्त्रीपुरुष दोघांस सारखाच, म्हणून ती साक्ष भाषांतरात बुडते. तेव्हा दुसरी टीप दिली : 'मूर्ती पुरुषाची आहे, भक्त तिला आई म्हणतात. लेक म्हणजे गाणारी स्वतःच. सासरी असलेल्या स्त्रीस पंढरी हे माहेर वाटते.'

विठोबाचे नाव ओवीतच का घातले नाही, असे कोणी विचारील. घातले असते तर टिपा वाचल्या असत्या. पण न उच्चारलेले नाव ऐकणाऱ्याने ओळखावे, ही जी ओवीतली गोडी, ती गेली असती.

तिसरी टीप भीमेची. फ्रेंच वाचकास महाभारत ऐकून ठाऊक असते, आणि त्यांच्या लिपीत नदी भीमा व पांडव भीम यांची अक्षरे बहुधा एकच पडतात. त्या बलदंड भीमाच्या हाती निरोप दिला, असे वाचले जाण्याचा संभव होता. म्हणून लिहिले : 'भीमा ही नदी. ती गाणारीच्या गावाकडून पंढरपुरास जाते आणि तेथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात.' आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांमधून वाहणारे हेच पाणी देवाच्या पायाशी जाते, हे कळल्याखेरीज निरोप पाण्यासंगे का धाडला ते कळत नाही. वाटेत उजनीचे धरण आहे, हे खरे. ते १९८० साली पुरे झाले. ते टिपेत घालावे काय, याचा आम्ही विचार केला आणि वगळले. मातोश्रींच्या ओवीत धरण नव्हते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही टिपेत बसली नाही. 'मी गं धाडते' यातील तो 'गं'. तो देवास उद्देशून नाही; जात्याचा खुंटा दुसऱ्या बाजूने धरणाऱ्या बाईस आहे. फ्रेंचमध्ये त्याला शब्द सापडला नाही. तेथे आम्ही हात टेकले.

शेवटी एक सांगतो. तीन टिपांसह ओवी तयार झाल्यावर आम्ही ती पुण्यातील आमच्या धाकट्या नातवास मराठीतच वाचून दाखविली, टिपांवाचून. त्याने विचारले, "आजोबा, पणजी विटेवर कशाला उभी होती?" त्या रात्री आम्ही फ्रेंच टिपा पुढ्यात घेतल्या आणि त्यांचे मराठी करावयास बसलो.