पेटीचे झाकण



लाकडी पेटी मोडते तेव्हा ती बहुधा ओझ्याने मोडत नाही, झाकणाने मोडते. ते कसे, एवढेच आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि २ जाड असे सागवानी झाकण घेऊ. त्याचे वजन सुमारे सव्वापाच किलो. ते मागच्या फळीच्या वरच्या कडेवर बिजागऱ्यांनी बसविले आहे. अडवायला काही नसेल, तर उघडताना झाकण मागे कलंडते आणि पार आडवे होते. त्याची मागची कड पेटीच्या पाठीला टेकते. आता ही टेकण बिजागरीच्या जेमतेम २ सेंटीमीटर खाली, आणि झाकणाचा भार मात्र साडेबावीस सेंटीमीटर दूर. म्हणजे पहारेने धोंडा उचकटावा तशी ही तरफ झाली. सव्वापाच किलोंचे झाकण बिजागऱ्यांना सुमारे ६० किलोंच्या जोराने मागे खेचू लागते. स्क्रूच्या मागे लाकूड असते सेंटीमीटरभर. ते उभे चिरते. वरच्या कडेवर स्क्रूंच्या रांगेत केसासारखी रेघ दिसली, की समजावे, चिरण्यास आरंभ झाला.

लांब स्क्रू हा यावरचा उपाय नव्हे. झाकण काटकोनापलीकडे १० अंशांवर थांबविले पाहिजे. बिजागरीपासून २० सेंटीमीटरांवर झाकणाच्या आतल्या अंगास आणि तितक्याच अंतरावर बाजूच्या फळीस, काठाच्या लगत खाली, साखळीची टोके बसवावीत. साखळी ३० सेंटीमीटरांच्या आसपास येते. पण झाकण हव्या त्या कलावर धरून प्रत्यक्ष मोजावे, हे बरे. या स्थितीत साखळीवर ताण येतो तो दोन किलोंहूनही कमी! झटका मात्र याहून मोठा असतो, म्हणून साखळी दोन्ही बाजूंस लावावी. एकीकडेच लावली तर झाकण पिळते.

हा झटका बाजूच्या फळीतून मागच्या कोपऱ्यावर जातो. नुसत्या खिळ्यांचा कोपरा तेथे हळूहळू उमलतो. वरच्या टोकाशी फटीत कागद शिरू लागला, की ओळखावे. म्हणून कोपरा कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट दात्यांनी सांधावा. दाते मागून पुढे खेचले तरी निसटू नयेत, असे बाजूच्या फळ्यांच्या टोकांस कापावेत. पितळी कोपरे त्यावर चढवावेत, सांध्याऐवजी नव्हे.

एक गोष्ट साखळीच्या हातची नाही. ती झाकणाला मागे जाऊ देत नाही, पण पुढे पडताना अडवीत नाही. घरात लहान मुले असतील, तर झाकण कोठेही थांबून राहील असा घट्ट आडा बसवावा, पुढच्या काठाशी बोट मावेल एवढी खाच ठेवावी, आणि आपोआप अडकणारे कुलूप लावूच नये. आत लपलेल्या मुलाला ते आतून उघडता येत नाही.